वेष्टनावर नाव कुणाचं?

साबणाच्या वेष्टनाची मागची बाजू सहसा कुणी वाचत नाही. पुढे मोहाच्या फुलाचं चित्र, ब्रँडचं नाव आणि सुवासाचं नाव असतं. किंमत बघितली की वडी पिशवीत जाते. मागे बारीक अक्षरांत उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वजन आणि तक्रारीसाठीचा फोन छापलेला असतो. ब्रँड वाढायला लागला की एकटीची मालकी ठेवावी, भागीदारी करावी की कंपनी काढावी, हा प्रश्न बहुतेक जण करापासून सुरू करतात. माझा अनुभव सांगतो की तो या मागच्या बाजूपासून सुरू करावा. तिथे ज्याचं नाव छापलं जातं त्याच्याच नावावर परवाना असतो, जीएसटी क्रमांक असतो, बँकेचं खातं असतं, आणि एखाद्या गिऱ्हाइकाच्या कातडीला पुरळ आलं तर नोटीसही त्याच नावाने येते.

एक उदाहरण धरून चालू. उदाहरण कल्पित आहे, त्यातले नियम मात्र खरे आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत काठी गाव आहे. तिथल्या राजवाडी होळीसाठी लांबलांबचे आदिवासी बांधव येतात, म्हणून गावाचं नाव सगळ्यांना ठाऊक. या गावातली एक ताई मोहाच्या बियांचं तेल काढून आंघोळीचा साबण आणि ओठांना लावायचं मलम बनवते. पहिल्या वर्षी होळीच्या गर्दीत एका टेबलावर तिने माल विकला. तिसऱ्या वर्षी अठरा लाखांची विक्री आणि खर्च वजा जाता पाच लाखांचा नफा झाला आहे. नंदुरबारला दुकान असलेली तिची नणंद तीन लाख रुपये घालायला तयार आहे. नाशिकचा एक वितरक म्हणतो, "ताई, कंपनी असेल तरच मोठी ऑर्डर देतो." ताईने काय करावं?

आधी आज ती काय आहे ते पाहू. कुठेही वेगळी नोंदणी न करता माणूस धंदा सुरू करतो तेव्हा तो आपोआप एकल मालक, म्हणजे प्रोप्रायटर असतो. ताईचा पॅन हाच धंद्याचा पॅन. उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट नोंदणी होते, ती तिने केली आहे. तिथे पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात. सरकारी पत्ता udyamregistration.gov.in एवढाच आहे. फर्मच्या नावाने करंट खातं आहे. कायद्याच्या नजरेत फर्म आणि ताई एकच. फर्मचं कर्ज ते ताईचं कर्ज, फर्मवरचा दावा तो ताईवरचा दावा.

इथे कराबद्दलचा मोठा गैरसमज दूर करतो, कारण घाईघाईने कंपनी काढण्यामागे बहुतेक वेळा तोच असतो. कंपनी केली की कर वाचतो, असं सर्रास सांगितलं जातं. 2025-26 या आर्थिक वर्षाच्या नव्या करपद्धतीत वैयक्तिक उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे धंद्याच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. म्हणजे पाच लाखांच्या नफ्यावर ताई आज एक रुपयाही आयकर भरत नाही. भागीदारी फर्मला असे टप्पे नसतात. तिच्या करपात्र नफ्यावर पहिल्या रुपयापासून 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर लागतो. कंपनीने सवलतीचा दर निवडला तर अधिभार-उपकर धरून सुमारे 25.17 टक्के. नफा वाढून तीस लाख झाला असं धरा. एकट्या मालकाला नव्या पद्धतीत साधारण पाच लाख कर बसतो. तोच नफा कंपनीत ठेवला तर साडेसात लाख. वर तो पैसा लाभांश म्हणून घरी आणला की त्यावर पुन्हा ताईच्या दराने कर. पगाराचा भाग बाजूला ठेवला तर दोन्ही आकडे जवळपास सारखे होतात ते नफा पन्नास लाखांच्या आसपास गेल्यावर. तोवर निव्वळ करासाठी कंपनी काढण्यात अर्थ नाही.

दुसरा गैरसमज खास आपल्या भागातला. आदिवासींना आयकर नाही, असं अनेक जण ठामपणे सांगतात. ती सूट मुख्यतः ईशान्येकडची राज्यं आणि लडाख अशा ठरावीक भागांतल्या अनुसूचित जमातींपुरती आहे. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा किंवा कोकणा कुटुंबाला ती लागू होत नाही. या समजापायी विवरणपत्र न भरणाऱ्या माणसाकडे बँक कर्जाच्या वेळी तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, आणि तिथे गाडी अडते. कर शून्य असला तरी ताईने विवरणपत्र दर वर्षी भरावं.

जीएसटीही इथेच उरकतो. मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात चाळीस लाखांची मर्यादा आहे, म्हणून अठरा लाखांवर नोंदणीची सक्ती नाही. मात्र राज्याबाहेर माल विकला तर ही मर्यादा सुटते आणि पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. अक्कलकुव्याच्या पलीकडे गुजरातचा सागबारा आहे. तिथल्या व्यापाऱ्याला साबणाचे दोन खोके दिले तरी ती आंतरराज्य विक्री झाली. सीमेवरच्या धंद्याने हे विसरू नये.

आता परवाना. घरगुती आहे, वनस्पतींचं आहे, म्हणून परवाना लागत नाही, हे खरं नाही. साबण, मलम, केसांचं तेल हे विक्रीसाठी बनवलं की औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 आणि सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 लागू होतात. उत्पादनाचा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. जागा, पाणी, साठवण, नोंदवह्या आणि देखरेखीला पात्र तांत्रिक माणूस हे सगळं तपासलं जातं. बचत गटांच्या अनेक चांगल्या उत्पादनांची गाडी इथेच अडते. हे झेपत नसेल तर परवाना असलेल्या दुसऱ्या कारखान्यातून आपल्या कृतीने माल बनवून घेता येतो. मग वेष्टनावर उत्पादक म्हणून कारखान्याचं आणि विक्रेता म्हणून तुमचं नाव येतं.

धंद्याच्या रचनेशी याचा संबंध असा की परवाना एका ठरावीक मालकाला मिळालेला असतो. ताईचा परवाना ताईच्या फर्मला आहे. उद्या भागीदारी केली किंवा कंपनी काढली तर कायद्यासाठी मालक बदलला. परवान्याचं काम पुन्हा, जीएसटी क्रमांक नवा, करंट खातं नवं, उद्यम नोंदणी नवी. आणि वेष्टनं? छापखान्यात दहा हजारांच्या खाली परवडत नाही म्हणून ताईने दहा हजार वेष्टनं छापून घेतलेली असतात. ती सगळी जुन्या नावाची. नव्या मालकाच्या मालाला ती वापरली तर वेष्टनावरचा उत्पादक खोटा ठरतो. म्हणून रचना बदलायची असेल तर वेष्टनांचा साठा संपत आल्यावर बदला, आणि नवी छपाई नवा परवाना हाती पडल्यावरच करा. गोष्ट छोटी वाटते, पण रचना बदलताना सर्वांत जास्त पैसे मी इथेच वाया गेलेले पाहिले आहेत.

अनुदानाचंही तसंच. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाच्या नियमांत ग्रामीण भागातल्या महिला किंवा अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला प्रकल्पाच्या 35 टक्के अनुदान आहे. ते नव्या धंद्याला आणि व्यक्तीला किंवा बचत गटासारख्या संस्थेला मिळतं. भागीदारी फर्म किंवा खासगी कंपनी त्यात बसत नाही. शिवाय अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहते, मग कर्जात वळती होते. ताईने सुरुवातीला पाच लाखांच्या प्रकल्पावर कर्ज घेतलं असेल तर पावणेदोन लाख अनुदान असं अडकलेलं आहे. ती तीन वर्षं पूर्ण होण्याआधी मालक बदलायचा नाही, आणि बँकेला लेखी विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

आता नणंदेकडे वळू. नात्यातला पैसा बिनव्याजी आणि प्रेमाचा असतो, म्हणून भागीदारी सगळ्यांना सोपी वाटते. भारतीय भागीदारी कायदा, 1932 चा. मुद्रांकावर करार करा, पॅन काढा, झाली फर्म. नोंदणी सक्तीची नाही, म्हणून बरेच जण ती करत नाहीत. पण नोंदणी नसलेली फर्म कराराच्या आधारावर तिऱ्हाइतावर दावा लावू शकत नाही. नाशिकच्या वितरकाने दोन लाखांचा माल उचलला आणि पैसे बुडवले, तर ताई आणि नणंदेला न्यायालयात त्याच्यावर वसुलीचा दावा लावता येत नाही. वितरकाने मात्र फर्मवर दावा केला तर तो चालतो. म्हणून भागीदारी केली तर फर्म्सच्या निबंधकाकडे नोंदणी त्याच महिन्यात.

याहून मोठं संकट जबाबदारीचं. फर्मसाठी एका भागीदाराने केलेला व्यवहार दुसऱ्यावर बंधनकारक असतो आणि देणं दोघांच्या खासगी मालमत्तेतून वसूल होऊ शकतं. नणंदेने मुंबईच्या व्यापाऱ्याकडून चार लाखांचं सुगंधी तेल उधारीवर मागवलं आणि ते पडून राहिलं, तर व्यापारी पूर्ण चार लाख एकट्या ताईकडून मागू शकतो. ताईने नंतर नणंदेकडून तिचा वाटा घ्यावा, हा घरातला प्रश्न. ज्या घरात रोजच्या जेवणाला एकत्र बसायचं तिथे हा प्रश्न किती कडू होतो, ते सांगायला नको.

मृत्यूचं बोलायला कुणाला आवडत नाही, तरी ते करारात लिहावंच लागतं. करारात वेगळं काही नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म मोडते. दोघीच भागीदार असतील तर एकीच्या पश्चात फर्म उरतच नाही, कारण एका माणसाची भागीदारी होत नाही. मग परवाना, खातं, वितरकाचा करार सगळं लोंबकळतं. मागे राहिलेल्या भागीदाराने वारसांचा हिशेब न मिटवता धंदा चालू ठेवला, तर वारसांना नफ्यातला वाटा किंवा त्यांच्या रकमेवर सहा टक्के व्याज मागता येतं. करारात कुणाचा वाटा किती हे लिहिलंच नसेल तर कायदा सगळ्यांना सारखा वाटा देतो, मग पैसे कुणी किती घातले, रात्री दोन वाजता कढईपाशी कोण उभं होतं, हे काही चालत नाही. ताईची कृती आणि तीन वर्षांची मेहनत एका बाजूला, नणंदेचे तीन लाख दुसऱ्या बाजूला, आणि वाटा निम्मानिम्मा.

करही पाहून घेऊ. फर्मला नऊ लाख नफा झाला. भागीदारांना पगार देता येतो, पण कर काढताना त्याची मर्यादा आहे: पहिल्या सहा लाखांच्या 90 टक्के, म्हणजे पाच लाख चाळीस हजार, आणि उरलेल्या तीन लाखांच्या 60 टक्के, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. मिळून सात लाख वीस हजार. उरलेल्या एक लाख ऐंशी हजारांवर 31.2 टक्क्यांनी 56,160 रुपये कर फर्म भरते. हाच नऊ लाख नफा एकट्या ताईचा असता तर कर शून्य होता. रक्कम फार नाही, पण भागीदारीने ना जबाबदारी कमी होते ना कर, हे त्यातून दिसतं.

म्हणून माझं मत असं की नणंदेचे तीन लाख भागीदारीचं भांडवल म्हणून न घेता कर्ज म्हणून घ्यावेत. साध्या करारावर व्याज, हप्ते आणि मुदत लिहा, रक्कम बँकेतूनच घ्या. नंदुरबारच्या दुकानाला विक्रीवर ठरलेलं कमिशन द्या. नणंदेला मालात खरोखर रस आहे का, ती हिशेब वेळेवर देते का, हे दोन वर्षांत दोघींना कळेल. मालकी देण्याचा निर्णय तेव्हा घ्या. पती-पत्नीने मिळून चालवलेला, उधारी नसलेला, दोघांनाही विस्तार नको असलेला धंदा असेल तर भागीदारी चालते. गिऱ्हाइकाच्या त्वचेला लागणाऱ्या वस्तूच्या धंद्यात मी तिचा सल्ला देत नाही.

एलएलपी म्हणून मधली वाटही आहे, 2008 च्या कायद्याने आलेली. त्यात जबाबदारी मर्यादित असते आणि भागीदार बदलले तरी संस्था टिकते. सल्ला देणाऱ्या सेवा-धंद्यांना ती चांगली. पण पुढे कुणी गुंतवणूकदार आला तर त्याला शेअर हवे असतात आणि एलएलपीत शेअर नसतात. ब्रँड वाढवायचाच ठरला असेल तर या थांब्यावर उतरण्यात फारसा फायदा नाही.

मग कंपनी. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. ताई आणि तिची आई, किंवा ताई आणि नवरा असं चालतं. एकटीचीच हवी तर एक व्यक्ती कंपनीही काढता येते. कंपनी कायदेशीर व्यक्ती असते, म्हणून परवाना, खातं, ट्रेडमार्क, देणं सगळं तिच्या नावावर. ताई गेली तरी कंपनी राहते, शेअर वारसांकडे जातात. भागधारकाचं नुकसान त्याने घातलेल्या भांडवलापुरतं.

पण ही ढाल किती जाड आहे ते नीट समजून घ्या. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेते. तिथे ढाल संपली. माल सदोष असेल, साबणात कॉस्टिक जास्त राहून मुलाच्या अंगावर चट्टे उठले असतील, तर सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात कारभार पाहणाऱ्या व्यक्तीवर खटला चालू शकतो. ढाल खरी उपयोगी पडते ती व्यापारी देण्यात: वितरकाने खवट झालेला माल परत पाठवला, छापखान्याचं बिल थकलं, भाडं राहिलं, अशा वेळी घरावर आणि बैलजोडीवर हात पडत नाही.

खर्च मात्र दर वर्षीचा. विक्री शून्य असली तरी लेखापरीक्षण करावंच लागतं. आर्थिक पत्रकं वार्षिक सभेनंतर तीस दिवसांत आणि वार्षिक विवरणपत्र साठ दिवसांत भरायचं. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला रोज शंभर रुपये, वर मर्यादा नाही. दोन फॉर्म एक वर्ष राहिले तर 73,000 रुपये. तीन वर्षं सलग राहिले तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. कंपनी स्थापन झाल्यावर 180 दिवसांत भांडवल खात्यात आलं याचं घोषणापत्र द्यायचं, हे तर निम्मे लोक विसरतात. नोंदणी स्वस्त आहे, पंधरा लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला केंद्राचं शुल्क नाही. पण पुढे सीएचं आणि विवरणपत्रांचं मिळून वर्षाला तीस-चाळीस हजार तरी बाजूला ठेवावे लागतात. पाच लाख नफ्याच्या धंद्याला हा खर्च जाणवतो.

नोंदणीकृत पत्त्याचा पुरावा म्हणून दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल आणि घरमालकाचं ना-हरकत पत्र लागतं. खेड्यात बिल अनेकदा वारलेल्या आजोबांच्या नावाने येतं. ज्यांची सही हवी ते हयात नाहीत, म्हणून अर्ज परत. बिलावरचं नाव बदलायचा अर्ज वीज कंपनीकडे आधीच करून ठेवा.

काठीसारख्या गावात कंपनी काढताना आणखी एक मोठा प्रश्न आहे, आणि तो शहरातल्या सल्लागाराला सहसा सुचत नाही. ताई ज्या जागेत साबण बनवते ती तिची स्वतःची, म्हणजे आदिवासी मालकीची जमीन आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकणं, देणगी देणं, गहाण ठेवणं किंवा भाडेपट्ट्याने देणं पूर्वपरवानगीशिवाय चालत नाही. कंपनी ताईचीच असली तरी कायद्याने ती वेगळी व्यक्ती, आणि कंपनीला जमात नसते. स्वतःच्याच कंपनीला स्वतःची शेड भाड्याने देतानाही हा प्रश्न उभा राहतो. अन्न व औषध प्रशासनाला तर जागेच्या ताब्याचा कागद हवाच असतो.

यातून दोन वाटा निघतात. एक, जिल्हाधिकाऱ्यांकडे भाडेपट्ट्याच्या परवानगीचा अर्ज करून मगच कंपनीच्या नावावर परवाना मागायचा. दुसरी मला जास्त आवडते: उत्पादन ताईच्या एकल मालकीत, तिच्या स्वतःच्या जमिनीवर, आजच्याच परवान्यावर चालू ठेवायचं आणि कंपनीने फक्त विक्री करायची. वेष्टनावर उत्पादक म्हणून ताईची फर्म आणि विक्रेता म्हणून कंपनी, अशी दोन नावं येतात. वितरक, उधारी आणि जाहिरात कंपनीकडे. जमीन, शेड आणि कढई ताईकडे. दोघांमधले भाव मात्र बाजाराला धरून आणि लेखी ठेवावे लागतात, नाहीतर आयकर खातं विचारणा करतं. जमीन कुठल्याही परिस्थितीत भांडवल म्हणून फर्मच्या किंवा कंपनीच्या हिशेबात घालू नका.

एक आकडाही लक्षात ठेवायचा, तो 51. केंद्र सरकारच्या विभागांनी आणि उपक्रमांनी आपल्या एकूण वार्षिक खरेदीपैकी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या सूक्ष्म-लघुउद्योगांकडून करायची आहे. एकल मालकीत मालक त्या गटातला असावा. भागीदारीत आणि कंपनीत त्यांचा वाटा किमान 51 टक्के हवा. गुंतवणूकदार निम्मी मालकी मागतो तेव्हा ताई 50 टक्क्यांवर आली की ही वाट बंद. एकल मालकीचा धंदा कंपनीत वर्ग करताना भांडवली नफ्यावर कर लागू नये म्हणून जी सवलत आहे, तिचीही अट अशी की जुन्या मालकाकडे पाच वर्षं किमान 50 टक्के मताधिकार राहावा आणि मोबदला फक्त शेअरच्या रूपात मिळावा.

उरला ट्रेडमार्क. हा कागद ताईने सगळ्यांत आधी, आजच करावा, रचना काहीही असो. सौंदर्यप्रसाधनं वर्ग 3 मध्ये येतात. व्यक्तीला आणि उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क 4,500 रुपये आहे, बाकीच्यांना 9,000. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण होतं. अर्ज ताईच्या वैयक्तिक नावाने करा. पुढे कंपनी झाली तर तिला ते नाव वापरायची परवानगी लेखी करारावर द्या, आणि मोठी गुंतवणूक येईल त्या दिवशी पूर्ण किंमत घेऊन हस्तांतर करा. ब्रँडला कारखान्यापेक्षा वेगळी किंमत असते, हे मुंबईने पाहिलं आहे. 1952 मध्ये सुरू झालेला टाटांचा लॅक्मे 1996 मध्ये हिंदुस्तान लिव्हरबरोबर निम्म्यानिम्म्या भागीदारीत गेला आणि 1998 मध्ये पूर्ण लिव्हरकडे विकला गेला. विकलं गेलं ते मुख्यतः नाव आणि त्यामागचा बाजार. त्याच 1952 साली परळला केशव विष्णू पेंढरकरांनी सुरू केलेला विको मात्र आजही पेंढरकर घराण्याच्याच हातात आहे. नाव कुणाकडे राहायचं, हे ज्याने ठरवून ठेवलं त्याचंच ते राहतं.

तर ताईचा निकाल. यंदा आणि पुढच्या वर्षी एकल मालकीच. ट्रेडमार्कचा अर्ज या महिन्यात. नणंदेचे पैसे कर्ज म्हणून. नाशिकच्या वितरकाला परवाना, जीएसटी नोंदणी आणि तीन वर्षांची विवरणपत्रं दाखवा. त्याला खरं तर वेळेवर आणि बिलावर मिळणारा माल हवा आहे, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ ही अक्षरं नव्हेत. राज्याबाहेर माल गेला किंवा विक्री चाळीस लाखांवर गेली की जीएसटी क्रमांक घ्यावाच लागणार आहे, तो आधीच घ्या. कंपनी कधी काढायची? वितरकांकडची उधारी घरातल्या सगळ्या बचतीपेक्षा जास्त होईल तेव्हा, किंवा घराबाहेरचा माणूस मालकीच्या बदल्यात पैसे द्यायला येईल तेव्हा. यातली एक गोष्ट घडली की थांबू नका, आणि त्याआधी घाई करू नका.

तुमचा ब्रँड काठीचा असो, शहाद्याचा असो की ठाण्याचा, आज संध्याकाळी तुमच्या मालाचं एक वेष्टन उलटं करून दिव्याखाली धरा. तिथे छापलेलं नाव, परवान्यावरचं नाव, बँकेच्या खात्यावरचं नाव आणि ट्रेडमार्कच्या अर्जावरचं नाव एका कागदावर शेजारीशेजारी लिहा. ही चार नावं जुळत नसतील, आणि ती का जुळत नाहीत याचा लेखी करार तुमच्याकडे नसेल, तर सीएकडे जाताना तोच कागद घेऊन जा.